दोनशे तासांच्या पायलटचा रेझ्युमे: तास, रेटिंग आणि अलीकडचं उड्डाण कसं मांडायचं

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना, हातात आलं की आपल्या सोलापुरातली मुलं रेझ्युमे करायला सात रस्त्यावरच्या किंवा नव्या पेठेतल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे जातात. त्याच्याकडे तयार साचा असतो. वर फोटो, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, दहावी-बारावीचे टक्के, छंद, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही. बँकेत किंवा कारखान्यात अर्ज करायला हा साचा चालतो. विमान कंपनीत अर्ज चाळणारा माणूस मात्र बारावीचे टक्के सगळ्यात शेवटी बघतो, किंवा बघतच नाही. परवाना कोणता आणि तो आज चालू आहे का, कोणत्या विमानांवर उड्डाण केलंय, एकूण तास किती, त्यातले पायलट इन कमांड, म्हणजे पीआयसी, म्हणून किती, आणि शेवटचं उड्डाण कधी, एवढंच त्याला आधी हवं असतं. हे पानाच्या वरच्या अर्ध्या भागात सापडलं नाही तर तो पुढचा अर्ज उघडतो.

9 जून 2025 पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची सेवा सुरू झाली आणि एटीआर 72-600 आपल्या डोक्यावरून जाऊ लागलं. तेव्हापासून जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतून 'रेझ्युमे जरा बघून द्या' असं म्हणणारे बरेच भेटतात. कुणी बारामतीत शिकलेला असतो, कुणी गोंदियाला, कुणी अमेरिकेतून परवाना घेऊन आलेला. सगळ्यांचे कागद एकाच जागी अडखळतात: तासांच्या तक्त्यात. म्हणून या लेखात नव्या सीपीएलधारकाचाच रेझ्युमे घेतलाय. तास दोनशेच्या आसपास, एअरलाइनचा अनुभव नाही, टाइप रेटिंग नाही. रेझ्युमे इंग्रजीतच करायचा असतो. इथले नमुने समजायला सोपे जावेत म्हणून मराठीत दिलेत.

आधी लॉगबुक शीटमध्ये उतरवा

रेझ्युमेची सुरुवात लॉगबुकापासून होते. लॉगबुकातल्या पानाखालच्या बेरजा थेट रेझ्युमेत उतरवू नका, कारण त्या बेरजा तुम्ही स्वतःच रात्री थकून आल्यावर मारलेल्या असतात. एका पानावर दहा मिनिटं सुटली की ती चूक पुढच्या प्रत्येक पानावर वाहत जाते. प्रत्येक उड्डाण एका ओळीत, असं सगळं लॉगबुक एकदा शीटमध्ये भरा. रकाने पुरेसे ठेवा: तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, कुठून-कुठे, ड्युअल, पीआयसी, एकूण वेळ, रात्र, इन्स्ट्रुमेंट, क्रॉस-कंट्री, लँडिंग. दोनशे तासांच्या लॉगबुकाला एक पूर्ण रविवार जातो. तो दिवस द्याच, कारण पुढचे सगळे आकडे याच शीटमधून निघणार आहेत.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला वेळेच्या फॉरमॅटचा. शीटमध्ये तास-मिनिटांची साधी बेरीज केली की चोवीस तासांनंतर घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. तुमची बेरीज खरी 204:30 असली तरी पडद्यावर 12:30 दिसतं, कारण 204 तासांतून आठ पूर्ण दिवस, म्हणजे 192 तास, गळून जातात. बेरजेच्या खान्याला हा फॉरमॅट द्या:

```
[h]:mm
```

चौकोनी कंस द्यायचा राहिला तर पुन्हा तीच गडबड.

दुसरा खड्डा दशांशाचा. परदेशातल्या बऱ्याच शाळांत हॉब्ज मीटरवरून वेळ लिहितात, आणि तो मीटर तासाचा दहावा भाग मोजतो. म्हणजे 0.1 म्हणजे सहा मिनिटं, आणि 1.3 म्हणजे एक तास अठरा मिनिटं. 1.3 ला 1:30 समजून भरलं तर एकाच उड्डाणात बारा मिनिटं जास्त लागतात, आणि शंभर उड्डाणांत हा फरक कित्येक तासांवर जातो. लॉगबुक दशांशात असेल तर शीटही दशांशातच भरा, बेरीज करा आणि शेवटी एकदाच तास-मिनिटांत बदला. मूळ दशांश बेरीज जवळ लिहून ठेवा, म्हणजे मुलाखतीत लॉगबुक उघडल्यावर दोन्ही आकडे जुळवून दाखवता येतील.

तासांचा तक्ता: उभी आणि आडवी बेरीज

आता एक नमुना उमेदवार घेऊ. सोलापूरची मुलगी, प्रशिक्षण भारतातच, सेसना 152 वर सुरुवात, पुढचं बहुतेक सेसना 172 वर, आणि मल्टी-इंजिन डायमंड डीए 42 वर. रेझ्युमेवरची तारीख 30 सप्टेंबर 2025. शीटवरून तिचा तक्ता असा निघतो:

| विमान | ड्युअल | पीआयसी | एकूण |
|---|---|---|---|
| सेसना 152 (सिंगल इंजिन) | 38:40 | 23:35 | 62:15 |
| सेसना 172 (सिंगल इंजिन) | 37:50 | 86:45 | 124:35 |
| डायमंड डीए 42 (मल्टी इंजिन) | 17:40 | 0:00 | 17:40 |
| एकूण | 94:10 | 110:20 | 204:30 |

या तक्त्याची ताकद अशी की तो स्वतःच स्वतःला तपासतो. उभी बेरीज केली तरी 204:30 आणि आडवी केली तरी 204:30. अर्ज वाचणारा अनुभवी माणूस हे पेनानं करून बघतो, आणि त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. बेरीज जुळली नाही तर त्याला ती नुसती गणिताची चूक वाटत नाही, लॉगबुकावरच शंका येते. म्हणून तक्ता एकच ठेवा. एका ठिकाणी विमानांप्रमाणे तास, दुसऱ्या ठिकाणी ड्युअल-पीआयसी, आणि वर मोठ्या अक्षरात '205+ तास' असं तीन जागी लिहिलं की तिन्ही आकडे वेगळे निघायची शक्यता वाढते. '205+' तर लिहूच नका. 204:30 असेल तर 204:30.

डीए 42 च्या ओळीतला पीआयसीचा शून्य पाहून अनेकांना तो लपवावासा वाटतो. लपवायचं काही कारण नाही. मल्टी-इंजिनचे तास महाग असतात आणि एंडोर्समेंटसाठी लागणारे तास बहुतेक इन्स्ट्रक्टरसोबतच होतात, हे भरती विभागाला पक्कं ठाऊक असतं. सतरा तासांतले आठ-नऊ तास पीआयसी दाखवलेले असले, तरच त्याला प्रश्न पडतो.

तक्त्याखाली वेगळ्या ओळीत उरलेले आकडे येतात:

क्रॉस-कंट्री पीआयसी 52:40. रात्रीचे 12:15, त्यात पीआयसी 6:05. इन्स्ट्रुमेंट (विमानात) 24:30. सिम्युलेटर 20:00, एकूण तासांत धरलेले नाहीत.

या ओळीतले सिम्युलेटर सोडून बाकीचे आकडे वरच्या 204:30 च्या आतलेच आहेत, वेगळे नाहीत. एकच रात्रीचं क्रॉस-कंट्री उड्डाण क्रॉस-कंट्रीतही मोजलं जातं आणि रात्रीतही. म्हणून या आकड्यांना वरच्या तक्त्यात वेगळ्या ओळी देऊ नका, नाहीतर वाचणारा ते मिळवत बसतो आणि बेरीज 290 च्या घरात जाते. सिम्युलेटरचं उलट आहे. ते तास एकूण उड्डाणात येतच नाहीत, म्हणून तसं शब्दांत लिहून टाकायचं. 'एकूण 224:30 (सिम्युलेटरसह)' असं लिहिणारे बरेच आहेत. आकडा मोठा दिसावा म्हणून केलेलं असतं, पण वाचणाऱ्याला ते वीस तास स्वतः वजा करावे लागतात आणि तो नाराज होऊन पुढे वाचतो.

आता हाच तक्ता समोरच्या माणसाच्या नजरेनं वाचून बघा. डीजीसीएचा सीपीएल मिळायला एकूण 200 तास लागतात, त्यात किमान 100 पीआयसी. पीआयसीमधले किमान 20 तास क्रॉस-कंट्रीचे असावे लागतात, आणि त्यांत 300 सागरी मैलांचं, म्हणजे सुमारे 556 किलोमीटरचं, एक उड्डाण दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेलं हवं. रात्रीचे पाच तास पीआयसी आणि दहा टेकऑफ-लँडिंग लागतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी क्रॉस-कंट्री पीआयसी पन्नास तासांपर्यंत न्यावं लागतं. हे आकडे त्याला पाठ असतात. तुमच्या रेझ्युमेत सीपीएल आणि आयआर दोन्ही चालू लिहिलेत आणि क्रॉस-कंट्री पीआयसी 31 तास, असं दिसलं तर कुठेतरी बेरीज चुकली आहे किंवा पीआयसीची काही क्रॉस-कंट्री उड्डाणं मोजायची राहिली आहेत, हे त्याला लगेच कळतं. रेझ्युमे पाठवण्याआधी स्वतःचे आकडे या किमान मर्यादांशी एकदा ताडून बघा. आकडा मर्यादेच्या खाली आला तर आधी शीट दुरुस्त करा.

पीआयसी म्हणजे नक्की कोणते तास

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो बहुतेक वेळा अमेरिकेत शिकून आलेल्यांचा होतो. तिथल्या नियमांत तुमच्याकडे त्या विमानाचं रेटिंग असेल आणि नियंत्रण एकट्या तुमच्या हातात असेल, तर इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाही तुम्ही ती वेळ पीआयसी म्हणून लिहू शकता. तीच वेळ ड्युअलच्या रकान्यातही जाते. त्यामुळे तिथल्या लॉगबुकात ड्युअल आणि पीआयसी मिळवले तर एकूण तासांपेक्षा जास्त भरतात. तिथे ते नियमात बसतं. आपल्याकडे मात्र इन्स्ट्रक्टरसोबत शिकताना केलेलं उड्डाण ड्युअल. भारतातल्या भरतीत असा तक्ता आला की बेरीज जुळत नाही आणि पीआयसी फुगलेलं दिसतं.

उपाय सोपा आहे, वेळखाऊ मात्र आहे. ज्या ओळीत ड्युअल आणि पीआयसी दोन्ही भरलेत त्या सगळ्या ओळी शीटमध्ये वेगळ्या काढा, आणि भारतीय तक्त्यासाठी तिथलं पीआयसी शून्य करा. मग एकूण = ड्युअल + पीआयसी असं समीकरण बसायला हवं. दोन जणांनी मिळून, एकानं डोळ्यांवर हूड लावून आणि दुसऱ्यानं सेफ्टी पायलट म्हणून केलेली उड्डाणंही अशीच वेगळी करा. ही वेळ तिथे दोघांच्याही लॉगबुकात पीआयसी म्हणून आलेली असू शकते. तक्त्याखाली एक वाक्य पुरतं: 'पीआयसीमध्ये इन्स्ट्रक्टरसोबतची व सेफ्टी पायलट म्हणून केलेली उड्डाणे धरलेली नाहीत.' हे वाक्य वाचलं की समोरच्याला कळतं, या मुलाला फरक माहीत आहे.

पीआयसी फुगवण्याचा मोह होतो, मला माहीत आहे. शेजारच्या मुलाचे 160 पीआयसी दिसतात आणि आपले 110. पण 2011 मध्ये बनावट कागदपत्रांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं उघडकीस आली आणि डीजीसीएनं परवान्यांची मोठी फेरतपासणी केली, तेव्हापासून तासांकडे बघण्याची नजर कडक झाली आहे. तुमची नोंद शाळेच्या ऑथोरायझेशन बुकाशी आणि विमानाच्या स्वतःच्या लॉगबुकाशी ताडता येते. ज्या दिवशी ते विमान हँगरमध्ये तपासणीला उभं होतं, त्या दिवशी तुम्ही त्यावर दोन तास उडालेले दिसलात, तर नोकरी जाईलच आणि परवानाही धोक्यात येईल.

परवाना आणि रेटिंग: प्रत्येकासमोर तारीख

या भागात वाक्यं नकोत, नावं आणि तारखा हव्यात. नमुना उमेदवाराचा हा भाग असा लिहिता येईल:

सीपीएल (विमान), डीजीसीए. दिल्याची तारीख, मुदत.
एंडोर्समेंट: सेसना 152, सेसना 172, डायमंड डीए 42.
इन्स्ट्रुमेंट रेटिंग: अखेरची चाचणी 21 ऑगस्ट 2025, डीए 42 वर.
मेडिकल क्लास 1: तपासणीची तारीख, मुदत, काही मर्यादा असल्यास ती.
एफआरटीओएल व आरटीआर(ए): मुदत.
इंग्रजी भाषा प्रावीण्य: लेव्हल आणि प्रमाणपत्राची मुदत.
टाइप रेटिंग: नाही.

2023 च्या दुरुस्तीनंतर सीपीएलची मुदत पाचऐवजी दहा वर्षांची झाली. त्यामुळे नुसतं 'सीपीएल, 2034 पर्यंत वैध' असं लिहून मुलं निश्चिंत होतात. पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी वर्षभरच वैध राहते, आणि चाळिशीच्या आतल्यांचं क्लास 1 मेडिकलही वर्षाचंच असतं. या दोन्ही गोष्टी चालू नसतील तर दहा वर्षांच्या मुदतीचा भरती विभागाला लगेच उपयोग नाही. म्हणून आयआरच्या पुढे नुसतं 'आहे' असं न लिहिता अखेरच्या चाचणीची तारीख आणि ती कोणत्या विमानावर झाली ते लिहायचं. मल्टी-इंजिन विमानावर चाचणी झाली असेल तर ते वाचणाऱ्याच्या कामाचं आहे, कारण तो ज्या जागेसाठी माणूस शोधतोय ते एटीआर असो वा एअरबस, दोन इंजिनांचंच आहे.

आयआर संपलं असेल तर तसं लिहा: 'अखेरची चाचणी अमुक तारखेला, मुदत संपली, नूतनीकरण ठरलेले.' पण 'ठरलेले' तेव्हाच लिहा जेव्हा शाळेकडे स्लॉट खरोखर घेतलेला असेल. मुलाखतीत पहिला प्रश्न 'कुठे आणि कधी' हाच येतो.

मेडिकलवर मर्यादा असेल, उदाहरणार्थ चष्मा लावून उडणं, तर तीही एका शब्दात लिहा. चष्म्यामुळे कुणाचा अर्ज बाजूला ठेवत नाहीत. प्रमाणपत्रावर असलेली गोष्ट रेझ्युमेत नसली तर मात्र विचारणा होते.

'टाइप रेटिंग: नाही' असं लिहायला अनेकांना कमीपणा वाटतो. लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. आणि ज्यांनी स्वतःच्या पैशानं एटीआर किंवा ए 320 चं टाइप रेटिंग केलंय त्यांनी नीट फरक करावा: सिम्युलेटरचं प्रशिक्षण संपलंय, की परवान्यावर एंडोर्स झालंय. पहिलं असेल तर 'प्रशिक्षण पूर्ण, एंडोर्समेंट बाकी' असं लिहा. सिम्युलेटरचे तास वरच्या तक्त्यात घालू नका, त्यांना सिम्युलेटरच्याच ओळीत जागा आहे. ए 320 ला तक्त्यात ओळ देऊन समोर चाळीस तास लिहिले तर वाचणाऱ्याचा समज होईल की तुम्ही खरं विमान चाळीस तास उडवलंय. तो समज मुलाखतीत उतरवावा लागणं फार वाईट.

अलीकडचं उड्डाण: सगळ्यात मोठी अडचण

सोलापूरच्या मुलांच्या बाबतीत हा भाग जास्त बोचतो. परवाना मिळाला, शाळा सुटली, मूल घरी आलं. घराजवळ भाड्यानं विमान घेऊन दोन तास उडून यावं अशी सोय नाही, बारामती नाहीतर कलबुर्गी गाठावं लागतं, आणि प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. मग महिने जातात. रेझ्युमेवर मात्र 204:30 तसेच राहतात, आणि ते तास कधीचे आहेत याचा पत्ताच लागत नाही. भरती विभाग नेमका तोच शोधत असतो. दोनशे तास मागच्या वर्षी संपवलेला आणि चार वर्षांपूर्वी संपवलेला यांच्या हातात फार फरक असतो, आणि प्रशिक्षणाचा खर्च त्यावरून ठरतो.

म्हणून या भागात चार आकडे आणि एक तारीख द्या. नमुना उमेदवाराचं असं दिसतं:

अखेरचं उड्डाण: 12 सप्टेंबर 2025, सेसना 172, 1:40.
मागच्या 90 दिवसांत 3:10, टेकऑफ-लँडिंग 5.
मागच्या 6 महिन्यांत 9:50.
मागच्या 12 महिन्यांत 46:20.

हे हातानं मोजू नका. तारखेच्या कडेची उड्डाणं हमखास चुकतात. शीटमध्ये तारीख 'ए' रकान्यात आणि एकूण वेळ 'जी' रकान्यात असेल, तर नव्वद दिवसांची बेरीज अशी काढता येते:

```
=SUMIFS(G2:G400,A2:A400,">="&DATE(2025,7,3),
        A2:A400,"<="&DATE(2025,9,30))
```

3 जुलै ते 30 सप्टेंबर हे दोन्ही दिवस धरून बरोबर नव्वद दिवस होतात. सहा महिन्यांसाठी 1 एप्रिल 2025 आणि बारा महिन्यांसाठी 1 ऑक्टोबर 2024 ही सुरुवातीची तारीख घालायची. उत्तराच्या खान्याला पुन्हा तोच चौकोनी कंसाचा फॉरमॅट.

तिच्या 3:10 मध्ये दोनच उड्डाणं आहेत. 21 ऑगस्टची डीए 42 वरची आयआरची चाचणी 1:30 ची, एक लँडिंग. आणि 12 सप्टेंबरचं सेसना 172 वरचं 1:40, चार लँडिंग. तास थोडे आहेत. पण या दोन उड्डाणांमुळे तिचं आयआर चालू आहे, मल्टी-इंजिनवर अलीकडे हात फिरलाय आणि प्रवासी घेऊन उडायला मागच्या नव्वद दिवसांत जी किमान तीन टेकऑफ-लँडिंग लागतात ती सेसना 172 वर झाली आहेत. इथे विमानाचा प्रकार लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण डीए 42 वर एकच लँडिंग आहे. नुसतं 'पाच' लिहिलं तर दोन्हींवर रीसेंट असल्यासारखं दिसतं. पाचच्या पुढे कंसात 'सेसना 172 वर 4, डीए 42 वर 1' असं लिहून टाकावं.

पैसे मोजकेच असतील तर ते कुठे घालायचे, हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: सिंगल इंजिनवर दहा तास नुसते फिरून एकूण आकडा 214 करण्यापेक्षा तेच पैसे मल्टी-इंजिनवरच्या आयआरच्या नूतनीकरणात आणि त्याआधीच्या एक-दोन सरावाच्या उड्डाणांत घालावेत. 204 आणि 214 यांत वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. संपलेलं आणि चालू आयआर यांतला फरक पहिल्या नजरेत दिसतो. पावसाळ्याचा विचार करून तारीख घ्या. जून-जुलैत ढग आणि वाऱ्यामुळे उड्डाणं रद्द होत राहतात आणि मुदत तिकडेच संपते.

मोठा खंड पडला असेल, वर्ष-दोन वर्षांचा, तर तारखा खोडून तो लपत नाही. अखेरच्या उड्डाणाची खरी तारीख लिहा आणि खाली एका ओळीत त्या काळात काय केलं ते सांगा: ग्राउंड इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवलं, एटीपीएलचे पेपर दिले, सिम्युलेटरवर अमुक तास सराव केला, किंवा घरचा व्यवसाय सांभाळला. शेवटचंही लिहायला हरकत नाही. एका मुलानं चादरीच्या कारखान्यात वडिलांना दोन वर्षं हातभार लावला होता आणि ती जागा रेझ्युमेत कोरी सोडली होती. मी त्याला म्हटलं, 'लिही रे, कोरी जागा पाहून माणूस त्याहून वाईट कल्पना करतो.'

उरलेलं, थोडक्यात

वर नाव, मोबाइल, ईमेल, शहर. सोलापूर लिहिलं की पुढे 'कुठेही रुजू होण्यास तयार' असं लिहा, ते खरं असेल तर. फ्लाइंग स्कूलचं नाव आणि कालावधी. बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स होतं हे एका ओळीत. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर अर्जात बहुतेक मागतात, तो असू द्या. वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, छंद यांना जागा नको. रंगीत चौकट आणि विमानाचं चित्रही नको. सगळं एका पानात बसतं.

आधार, पासपोर्ट आणि मेडिकलच्या प्रती रेझ्युमेला जोडून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. 'एअरलाइनमध्ये ओळख आहे, रेझ्युमे आणि कागद पाठवा, नोंदणी फी भरा' असे निरोप फिरत असतात. कागदपत्रं फक्त कंपनीच्या स्वतःच्या भरती पोर्टलवर चढवा. पोर्टलवर तास भरताना तक्त्यातलेच आकडे, तेवढीच मिनिटं भरा. फॉर्ममध्ये नुसते पूर्ण तास मागितले असतील तर 204 भरा, 205 नको.

पीडीएफच्या नावात तारीख घाला, उदाहरणार्थ:

```
CPL_MEIR_204h30_30SEP2025.pdf
```

म्हणजे तीन महिन्यांनी जुनी फाइल चुकून जाणार नाही. प्रत्येक उड्डाणानंतर आधी शीटमध्ये ओळ वाढवायची, मग तक्ता, मग तारीख.

मुलाखतीला जाताना लॉगबुकात पाच पानांवर चिकट पट्ट्या लावून न्या: पहिलं सोलो, 300 सागरी मैलांचं क्रॉस-कंट्री, सीपीएलची स्किल टेस्ट, आयआरची चाचणी आणि अखेरचं उड्डाण. तक्त्यातल्या कुठल्याही आकड्यावर बोट ठेवून 'हे दाखवा' असं म्हटलं, तर ते पान पानं न चाळता उघडता आलं पाहिजे.